काकूंची वही आणि भाकरीचा आकडा

आमच्या शेजारच्या काकू परवा हातात वही घेऊन आल्या. चेहरा अगदी उतरलेला. वहीत दोनच ओळी होत्या. दुपारी वाटीभर भात आणि वरण खाल्लं, दोन तासांनी शुगर १७९. दुसऱ्या दिवशी दोन भाकरी आणि पिठलं, दोन तासांनी २२८.

"माय, ज्वारीनं शुगर वाढत नाही म्हणतेत ना गं? मग माझीच कशी वाढली? मीटर खराब का मीच खराब?"

काकूंचा काही दोष नव्हता. अंबाजोगाईत कुणाला शुगर निघाली की पहिला सल्ला ठरलेला असतो: भात बंद, भाकरी चालू. भिशीत, देवळाच्या पायरीवर, डॉक्टरांच्या दारात बसलेल्या बायकांत, सगळीकडे हेच ऐकू येतं. त्यात कुणीतरी छापील तक्ता आणून देतं, आणि तो फ्रिजवर चिकटवला की त्यातला आकडा ब्रह्मवाक्य होतो.

हा आकडा येतो कुठून ते आधी पाहू. त्याला ग्लायसेमिक इंडेक्स म्हणतात. १९८१ साली कॅनडातल्या टोरांटोचे डॉ. डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली. रात्रभर उपाशी असलेल्या दहाएक माणसांना, ज्यात बरोबर ५० ग्रॅम पचणारं पिष्ट असेल इतका एकच पदार्थ खायला देतात. मग दोन तास थोड्या थोड्या वेळानं रक्त तपासतात. नुसतं ग्लुकोज प्याल्यावर साखर जेवढी चढते ते १०० धरायचं आणि त्याच्याशी पदार्थाची तुलना करायची. २००८ च्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात पांढरा भात ७३, चपाती ५२ आणि मसूर ३२ आहे.

पण याच तक्त्यात साधी साखर ६५ आहे, भातापेक्षा कमी! म्हणून काय भात सोडून साखर खायची? एवढ्यावरूनच कळतं, की हा आकडा वेग सांगतो, पदार्थ चांगला की वाईट हे सांगत नाही.

ज्वारीचं तर आणखी मजेशीर आहे. जुन्या तक्त्यांत ज्वारीच्या भाकरीला ७७ दिलेत, म्हणजे भाताच्याही वर. २०२१ मध्ये हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेनं बरेच अभ्यास एकत्र करून ज्वारी-बाजरीसारख्या भरडधान्यांची सरासरी सुमारे ५३ काढली. दोन्ही आकडे मोजूनच आलेत. वाण, दळण आणि शिजवणं बदललं की आकडा बदलतो. ज्वारीच्या कण्या हळू पचतात. तीच ज्वारी बारीक दळून, गरम पाण्यात मळून, तव्यावर भाजली की लवकर पचते.

आता काकूंच्या वहीकडे येऊ. वेगाबरोबर ताटात किती पडलं हेही बघायला हवं. त्याला ग्लायसेमिक लोड म्हणतात. हिशेब सोपा आहे: खाल्लेलं पिष्ट ग्रॅममध्ये गुणिले इंडेक्स, भागिले १००.

मी काकूंना एका भाकरीचं पीठ काट्यावर मोजायला लावलं. ८० ग्रॅम भरलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्याप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम पिष्ट असतं. म्हणजे एका भाकरीत ५४ आणि दोन भाकरींत १०८ ग्रॅम. त्यांचा वाटीभर भात ५० ग्रॅम तांदळाचा, त्यात पिष्ट ३९ ग्रॅम. भाताचा लोड आला २८. दोन भाकरींचा, ज्वारीसाठी ५३ हा कमी आकडा धरला तरी ५७, आणि ७७ धरला तर ८३! काकू बघतच राहिल्या. भाकरी काही वाईट नव्हती, दोन होत्या एवढंच.

इथवर गणित बरोबर जमलं. पण काकूंनी त्याचा भलताच अर्थ घेतला. भाकरी आणि भात दोन्ही बंद करून नुसती भाजी खाल्ली, आणि ग्लिमेपिराइडची गोळी मात्र नेहमीसारखी घेतली. बारा वाजता भाजी मंडईत त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. घरी आणून मीटर लावला तर ५८. तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. इन्सुलिन किंवा अशी गोळी चालू असताना जेवणातलं पिष्ट एकदम तोडायचं नाही. आधी डॉक्टरांना विचारायचं.

मग डॉक्टरांच्या सल्ल्यानं आम्ही नीट मोजायचं ठरवलं. एक भाकरी, मटकीची उसळ, काकडी आणि वाटीभर दही, तीन दिवस तेच जेवण. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा मोजायचं. नुसता नंतरचा आकडा नाही, तर वाढ किती झाली ते लिहायचं. तीन दिवसांत ४६, ६२ आणि ५१ नं वाढ झाली. जेवण तेच, ताट तेच! ६२ च्या दिवशी काकू जेवून लगेच आडव्या झाल्या होत्या. बाकीचे दोन दिवस अंगणात फिरल्या होत्या. फरक तेवढ्यानंच पडला असं मात्र मी छातीठोक सांगणार नाही.

कारण आकडा हलायला पुष्कळ वाटा आहेत. अमेरिकेत बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठानं २०१६ साली ६३ निरोगी माणसांना तोच पांढरा ब्रेड तीन-तीनदा खायला दिला. एकाच माणसाचा आकडा साधारण २० टक्क्यांनी मागेपुढे झाला, तर माणसामाणसांतला फरक २५ टक्क्यांचा निघाला. तक्त्यात ब्रेड एकटा असतो. आपल्या ताटात उसळ, दही, तेल असतं. त्यानं अन्न पोटातून हळू पुढे सरकतं. म्हणूनच तळलेली पुरी खाल्ल्यावर दोन तासांनी आकडा बरा दिसतो आणि शुगर नंतर चढते.

शिवाय मीटरचीही मर्यादा आहे. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे शंभराच्या पुढे १५ टक्के इकडेतिकडे चालतं. खरी शुगर २०० असते तेव्हा मीटर १७० दाखवू शकतो किंवा २३० सुद्धा. आणि गूळ चिरलेलं बोट न धुता टोचलं, तर तो आकडा गुळाचाच!

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. तक्ता फेकून देऊ नका, पण तो रस्त्यावरच्या पाटीसारखा वापरा. पाटी दिशा दाखवते, खड्डे सांगत नाही. भातापेक्षा मसूर हळू चढवते हे तक्ता बरोबर सांगतो. ५२ आणि ५५ मध्ये भांडत बसण्यात मात्र अर्थ नाही. धान्य बदलण्याआधी माप बघा, आणि एका रीडिंगवरून कुठल्याही पदार्थाला फाशी देऊ नका. तेच जेवण दोन-तीनदा मोजून मगच बोला.

आणि हो, शुगर वाढली की "काय खाल्लंस?" असं घरच्या बाईला आरोपीसारखं विचारणं बंद करा. काकू आता रोज एक भाकरी खातात, वही लिहितात. परवा वाढ ५७ आली तर हसून म्हणाल्या, "आज मीटर रुसलाय, उद्या बघू."