सहा तासांची गोष्ट आणि वहीतले सात दिवस



कॅम्पस प्लेसमेंटचा हंगाम जवळ आला की शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींच्या मोबाईलवर वेळेच्या नियोजनाची रंगीत कार्डं फिरू लागतात. पहाटे उठा, वेळापत्रक करा, मोबाईल दूर ठेवा. बोटाने सरकवत सगळी पाहून होतात, पण दिवस होता तसाच राहतो. आज मीही चार कार्डंच देणार आहे. मात्र ती एका मुलीच्या वहीतून निघाली आहेत.

ही मुलगी सोलापूरजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. अब्बू यंत्रमाग कारखान्यात कामाला, फी शैक्षणिक कर्जातून भरलेली. शिक्षण संपल्यावर हप्ते सुरू होणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. जुलैमध्ये ती म्हणाली, “सर, रोज सहा तास अभ्यास करते, तरी पहिल्याच चाळणी परीक्षेत अडकते.” मी तिला एवढंच सांगितलं की सात दिवस दर अर्ध्या तासाला काय केलं ते वहीत लिही, काही बदलू नकोस.

कार्ड पहिलं : आधी मोजा

आठवड्याने वही आली. सकाळी आठला घर सोडायचं, साडेपाचला परत यायचं. मग नमाज, अम्मीला स्वयंपाकात मदत, धाकट्या भावाचा गृहपाठ, आले-गेलेले पाहुणे. पुस्तक उघडं असलेला वेळ खरोखर सहा तासांच्या आसपास होता. पण हातात पेन घेऊन गणित सोडवलेला किंवा प्रोग्राम लिहिलेला वेळ आठवडाभरात तेरा तासही भरला नाही. बाकीच्या वेळात व्हिडिओ पाहणं, नोट्स रंगवणं आणि ग्रुपवरच्या चर्चा होत्या.

तिने आळस केला नव्हता. तिने वेळ मोजला होता, काम मोजलं नव्हतं. तुम्हीही नियोजनाआधी हा एक आठवडा द्या. त्याशिवाय केलेलं वेळापत्रक दुसऱ्याच कुणाचं असतं.

कार्ड दुसरं : नमाजच्या वेळांना अभ्यास बांधा

आम्ही आठवड्याला चौदाच तास धरले. फज्रनंतर एक तास अ‍ॅप्टिट्यूड, सोमवार ते शनिवार. त्या वेळी घर शांत असतं आणि डोकं ताजं असतं. असर ते मगरिब एक तास कोडिंग, आठवड्यातून पाच दिवस. शुक्रवारची संध्याकाळ मोकळी. रविवारी एक तास पूर्ण सराव पेपर, एक तास त्यातल्या चुका आणि एक तास मुलाखतीची उत्तरं मोठ्याने बोलणं. सहा, पाच आणि तीन, झाले चौदा.

‘सहा वाजता बसेन’ हे पाहुणे आले की मोडतं. ‘असर पढून बसेन’ हे सहसा मोडत नाही, कारण असर होणारच असते. फक्त एक लक्षात ठेवा. सोलापुरात जुलैत मगरिब सातच्या सुमारास होते, तर ऑक्टोबरच्या मध्याला सहा-सव्वासहाला. म्हणजे बरोबर हंगामाच्या ऐन भरात संध्याकाळचा तो तास नाहीसा होतो. सप्टेंबरमध्येच कोडिंग मगरिब-इशाच्या मध्ये हलवा. घरात लॅपटॉप एकच असेल तर भावंडांशी तासही तेव्हाच ठरवून घ्या.

कोडिंगच्या तासात एकच प्रश्न पुरे. पहिली पंचवीस मिनिटं उत्तर न पाहता झगडा. नाही जमलं तर उत्तर वाचा, बंद करा आणि स्वतः पुन्हा लिहा. तीन दिवसांनी तोच प्रश्न कोऱ्या पानावर जमला, तरच तो तुमचा.

कार्ड तिसरं : पेपरमधली मिनिटं

खरा घोळ इथे होता. रविवारचा तिचा पहिला सराव पेपर ३० प्रश्नांचा आणि ३० मिनिटांचा होता. चार प्रश्नांवर तिने १४ मिनिटं घालवली, त्यातले दोन तरीही सुटले नाहीत. शेवटचे दहा प्रश्न तिने पाहिलेच नाहीत. घरी सोडवले तेव्हा त्यातले सहा सहज आले. म्हणजे येत असलेले सहा गुण वेळेपायी गेले होते.

पुढच्या रविवारी नियम बदलला. प्रश्न वाचायचा, पंधरा-वीस सेकंदांत रस्ता दिसला तर सोडवायचा, नाहीतर खूण करून पुढे जायचं. वीस मिनिटांत तिने तीसही प्रश्न पाहिले आणि अठरा सोडवले. उरलेल्या दहा मिनिटांत खूण केलेल्यांपैकी आणखी पाच सुटले. अभ्यासात आठवड्याचाच फरक होता, पेपर मात्र वेगळाच झाला.

याला मर्यादा आहे. काही कंपन्यांच्या परीक्षेत मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही, काहींत प्रत्येक विभागाला वेगळा वेळ असतो, काहींत चुकीच्या उत्तराचे गुण कापतात. म्हणून सूचनांचं पान घाईत पुढे सरकवू नका. परत जाता येत नसेल तर खूण करून ठेवण्याचा उपयोग नाही. तिथे प्रत्येक प्रश्नाला दीड मिनिटाची हद्द घाला आणि सोडून द्या.

चुकांच्या वहीत तीन रकाने करा : ‘येत नव्हतं’, ‘येत होतं पण चुकलं’, ‘वेळ पुरला नाही’. पहिल्याला अभ्यास लागतो, दुसऱ्याला सावकाशी, तिसऱ्याला घड्याळ लावून सराव. महिन्याभराने या मुलीचा पहिला रकाना सर्वांत छोटा निघाला. तरी ती रोज नवे धडेच वाचत होती.

कार्ड चौथं : मोकळी जागा ठेवा

कंपनी येत असल्याची सूचना कधी कधी दोनच दिवस आधी मिळते. ज्याचं वेळापत्रक काठोकाठ भरलेलं, त्याचा सगळा आठवडा त्या सूचनेने कोलमडतो. म्हणून शुक्रवारची संध्याकाळ आणि रविवारची दुपार रिकामीच असू द्या. सूचना आली की नवा धडा बंद. फक्त चुकांची वही, बायोडेटा आणि कंपनीची माहिती.

नमाजचाही विचार आदल्या दिवशीच करा. कॅमेऱ्यासमोरच्या ऑनलाइन परीक्षेतून मध्ये उठता येत नाही. दुपारी बारा ते दोनचा पेपर असेल तर जुहर नंतर निवांत पढता येते. कोकणातल्या शाफई घरांत असरची वेळ लवकर सुरू होते, तेव्हा पेपर लांबणार असेल तर हिशोब आधी करा. मगरिबचा वेळ आखूड असतो. मुलाखती संध्याकाळी लांबल्या तर प्लेसमेंटच्या सरांना सकाळीच सांगून ठेवा की दहा मिनिटं लागतील. ऐन वेळी विचारण्याचा संकोच वाचतो.

आणि अम्मी-अब्बूंना एक विनंती. मुलीच्या वेळापत्रकाची एक प्रत स्वयंपाकघरात लावा. या घरात अम्मीने फज्रनंतरचा चहा स्वतः करायला घेतला आणि असरनंतरचा गृहपाठ अब्बूंनी पाहायला सुरुवात केली. तिच्या चौदा तासांतले निदान चार तास त्या दोघांनी दिलेले होते.

पहिल्या दोन कंपन्यांत ती चाळणीतच राहिली. दोन्ही वेळा घरी येऊन तिने तीन रकाने भरले. तिसऱ्या वेळी चाळणी पार झाली आणि मुलाखतीपर्यंत पोहोचली; तिथे नाव निघालं नाही. त्या रात्री वहीत तिने चौथा रकाना आखला : ‘बोलताना अडले’. रविवारच्या मोठ्याने बोलण्याच्या एका तासाचे तिने दोन केले, आणि त्यासाठी लागणारा वेळ आता तिला कुठून काढायचा ते माहीत होतं.