मोबाईलचं रफू: टाचणी निघते, पण काठ बिघडतो



गेल्या आठवड्यात आमच्या बॅचमधल्या एका ताईंनी मला एक फोटो पाठवला. इरकल साडी, मोरपंखी अंग, लाल काठ. पांढऱ्या भिंतीवर साडी टाचण्यांनी लावून फोटो काढलेला. उजेड छान, रंग अगदी खरा आलेला. फक्त दोन टाचण्यांची डोकी चमकत होती. एक साडीच्या साध्या अंगावर, दुसरी बरोबर काठाच्या कडेवर, म्हणजे अर्धी मोरपंखीवर आणि अर्धी लालवर.

ताईंनी दोन्ही टाचण्या मोबाईलवर बोटाने पुसल्या होत्या. पहिली कुठे होती ते मलाही शोधून सापडलं नाही. दुसरीच्या जागी मात्र लाल रंग अंगात उतरल्यासारखा डाग. गिऱ्हाईक बघेल तर म्हणेल, या साडीचा रंग जातो! टाचणी परवडली असती.

दोन्ही टाचण्या सारख्याच आकाराच्या, बोट तेच, ॲप तेच. मग एक निघाली आणि दुसरी का नाही?

आपल्या धंद्यातलंच उदाहरण घ्या. रफू करणारा कारागीर त्याच कापडातला दोरा काढतो आणि भोक भरतो. हीलिंग ब्रश तेच करतो. तुम्ही बोट फिरवलेल्या जागी तो जवळपासचं कापड आणून लावतो आणि त्याचा रंग-उजेड आजूबाजूशी जुळवून घेतो. सगळीकडून मोरपंखी असेल तर काम फत्ते. पण एका बाजूला मोरपंखी आणि दुसऱ्या बाजूला लाल असेल, तर तो दोन्ही रंग एकमेकांत मिसळून टाकतो. त्याला काठ म्हणजे काय ते कळत नाही. आणि मोबाईलवर दोरा कुठला घ्यायचा हे तुम्ही सांगू शकत नाही, निदान स्नॅपसीडसारख्या फुकट ॲपमध्ये तरी नाही. तो स्वतःच ठरवतो.

म्हणून माझं मत असं आहे: वस्तू किती छोटी आहे हे बघूच नका, तिच्या मागे काय आहे ते बघा. मागे साधं कापड, भिंत, टेबल असेल तर मोबाईल पुरतो. मागे कड, सरळ रेघ किंवा ओळीने आलेली नक्षी असेल तर कॉम्प्युटरवर बसा.

आधी मोबाईलचं सांगते, कारण तिथेही घाई नडते. फोटो मूळचा घ्या, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला नको. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, त्यात कापडाची वीण आधीच पुसट झालेली असते, मग ब्रश तरी काय जुळवणार? स्नॅपसीडमध्ये फोटो उघडा, Tools मध्ये जा, Healing निवडा. आता दोन बोटांनी झूम करा. ही पायरी बहुतेक जण सोडतात. ब्रशचा आकार स्क्रीनवर तेवढाच राहतो, त्यामुळे जितकं झूम कराल तितकी कमी जागा त्याच्याखाली येते. टाचणीचं डोकं तुमच्या बोटाच्या टोकाएवढं दिसलं की एकदाच टेकवा आणि उचला. लांब दोरा किंवा केस असेल तर एका फटक्यात ओढू नका, तुकड्या-तुकड्याने काढा. जमलं नाही तर मागे जाणारा बाण दाबा. बिघडलेल्यावर पुन्हा घासत बसलात तर आधीचा डागच उचलून तो दुसरीकडे लावेल.

आणि हो, Details वाढवायचं असेल तर हे सगळं झाल्यावर. आधी वाढवलंत तर ठिगळ जास्त उठून दिसतं.

निघालं की नाही हे लहान फोटोवर तपासू नका, लहान फोटोत सगळंच चांगलं दिसतं. झूम करून बघा: विणीच्या रेघा सलग जातायत का, की मध्येच धुरकट झाल्या? एखादी गाठ शेजारीशेजारी दोनदा आली आहे का? साडी घेणारी बाई अशीच झूम करून बघते. मी दुकानात रोज बघते ना!

आता काठावरची टाचणी. मोबाईलवर दोन प्रयत्न करा, तिसरा करू नका. मी ताईंचा मूळ फोटो मागवला आणि गिंपमध्ये उघडला. हे कॉम्प्युटरवरचं फुकट सॉफ्टवेअर आहे. आधी लेयरची कॉपी केली, म्हणजे चुकलं तरी मूळ शाबूत. मग हीलिंग नाही, क्लोन टूल घेतलं, कीबोर्डवर C. फरक लक्षात घ्या: हीलिंग रंग मिसळतं, क्लोन जसंच्या तसं उचलून ठेवतं. कडेवर आपल्याला मिसळणं नकोच आहे.

त्याच काठावर थोडं पुढे, जिथे लाल आणि मोरपंखी मिळतात त्या रेघेवर, Ctrl दाबून क्लिक केलं. म्हणजे दोरा इथला घे, असं सांगितलं. मग टाचणीजवळ त्याच रेघेवर ब्रश टेकवून भरत गेले. Alignment मध्ये Aligned ठेवलं, त्यामुळे प्रत्येक वेळी ब्रश उचलला तरी अंतर तेच राहिलं आणि रेघ तुटली नाही. काठाला ओळीने छोटी नक्षी होती, म्हणून दोरा घेताना नक्षीतली तीच जागा शोधावी लागली. पहिल्यांदा मी अर्धं बोट पुढची घेतली, तर नक्षी चुकली आणि पुन्हा करावं लागलं. शेवटी अंगावरची थोडी छटा वेगळी दिसत होती, ती हीलिंगने, म्हणजे H ने, जुळवली. तेही कडेला न शिवता.

एक सूचना: नुसतं Save केलंत तर गिंपची स्वतःची फाईल तयार होते, ती गिऱ्हाइकाला उघडणार नाही. जेपीजी हवी तर File मधून Export As.

यालाही मर्यादा आहेच. काठ चुणीत वळलेला असेल, किंवा दुसरीकडचा काठ सावलीत असेल, तर उचललेला तुकडा तिथे बसत नाही. अशा वेळी टाचणी हलवा आणि फोटो पुन्हा काढा. साडी अजून तुमच्याच घरी आहे ना? मग पाच मिनिटांचं काम.

आता एक जरा कडू बोलते. टाचणी, दोरा, भिंतीवरचा खिळा, हे काढा. ते मालाचा भाग नाहीत. पण मालातला दोष काढू नका. दुकानाच्या सुरुवातीच्या काळात मी एका साडीच्या पदराजवळ सुटलेली वीण फोटोतून पुसली होती. छोटीशीच होती, आणि इतकी छान निघाली की मीच खूश. पार्सल पोचल्यावर बाईंचा फोन आला, फोटोत नव्हतं हे. साडी परत आली, दोन्हीकडचं कुरिअर माझ्या खिशातून गेलं. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. ती साडी नंतर मी दोषाचा जवळून काढलेला फोटो लावून, भाव कमी करून विकली. दोन दिवसांत गेली.

ताईंनी त्यांचा फोटो वापरला, पण पुढच्या साड्यांना टाचण्या लावल्या नाहीत. मागच्या बाजूने कपडे वाळत घालायचे चिमटे लावले.