व्हिजिटिंग कार्डाचे रंग : आधी नंबर वाचता यावा

पाटणसारख्या तालुक्याच्या गावी घरी शिवणकाम करणाऱ्या किंवा शिकवणी घेणाऱ्या भगिनींना दुकानाची पाटी नसते. त्यांचे कार्ड हीच त्यांची पाटी. हे कार्ड बाजारातून पिशवीत जाते, भिंतीच्या खिळ्याला अडकते, महिन्यांनी कुणीतरी त्यावरचा नंबर शोधते. म्हणून रंग निवडताना आम्ही एकच प्रश्न पुढे ठेवतो : संध्याकाळच्या दिव्यात, चष्म्याशिवाय, आजीला हा नंबर वाचता येईल का?

एक उदाहरण घेऊ. समजा, पाटणमधल्या एका आपांना कार्ड छापायचे आहे. ब्लाउज, सलवार-कमीज, बुरखा आणि मुलांचे कपडे त्या घरीच शिवतात. छपाईवाल्याने तयार नमुना दाखवला : गुलाबी जमीन, त्यावर सोनेरी अक्षरे, कोपऱ्यात हिरवी फुले. पडद्यावर छान दिसते. मग अडचण कुठे आहे?

अडचण रंगात नाही, उजळपणात आहे. अक्षर वाचता येते ते त्याचा रंग वेगळा म्हणून नव्हे. ते जमिनीपेक्षा पुरेसे गडद किंवा पुरेसे उजळ असते म्हणून. संगणकाच्या पडद्यावरील मजकुरासाठी दोन्हींच्या उजळपणाचे प्रमाण किमान साडेचारास एक असावे, असा जागतिक दंडक आहे. सोनेरी अक्षर पांढऱ्यावर ठेवले तर हे प्रमाण दोनास एकच्या आसपास येते. भडक गुलाबीवर ठेवले तर सव्वास एकच्या जवळपास, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. गडद निळे पांढऱ्यावर सहज दहाच्या पुढे जाते.

हे मोजायला यंत्र लागत नाही. नमुन्याची काळी-पांढरी झेरॉक्स काढा किंवा मोबाईलमधल्या फोटोचा रंग काढून टाका. गुलाबी आणि सोनेरी दोन्ही एकाच राखाडीत विरघळतील. हीच कसोटी लाल-हिरव्या जोडीलाही लावावी. हे दोन रंग कितीही वेगळे वाटले तरी उजळपणात बरेचदा जुळे असतात. शिवाय काही जणांना, विशेषतः पुरुषांना, लाल-हिरव्यातला फरक जन्मतःच कमी दिसतो.

मराठी अक्षरांना आणखी एक धोका असतो. गडद जमिनीवर पांढरी अक्षरे घेतली तर कागदावर शाई थोडी पसरते आणि बारीक पांढऱ्या जागा भरून जातात. सर्वात आधी अनुस्वार बुजतो. ‘शिंपी’चे ‘शिपी’ आणि ‘पंजाबी ड्रेस’चे ‘पजाबी ड्रेस’ होते. पांढरी अक्षरे हवीच असतील तर ती फक्त मोठ्या नावासाठी ठेवा आणि ठळक घ्या.

मग आपांच्या कार्डाचे काय करावे? जमीन पांढरी किंवा फिकट साय रंगाची. नाव गडद बाटली-हिरव्या रंगात, मोठे. खाली त्याच हिरव्याची एक रेघ, बाकी सजावट नाही. कामांची यादी, पत्ता आणि नंबर काळ्यात. पोपटी हिरवा टाळावा, पांढऱ्यावर तो फिका पडतो. दोनापेक्षा जास्त रंग झाले की कार्ड सेलच्या हँडबिलासारखे दिसू लागते, आणि मापाचे कापड ज्याच्या हाती द्यायचे त्याच्याबद्दलचा भरवसा तिथेच थोडा कमी होतो. शिकवणीच्या कार्डाला हाच आराखडा चालतो. फक्त हिरव्याच्या जागी गडद निळा घ्या आणि इयत्ता व विषय काळ्यात ठेवा.

बारीक अक्षरे काळ्यातच घेण्याला छपाईचे कारण आहे. रंगीत छपाई आकाशी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शायांची असते. बाटली-हिरवा त्यांच्या मिश्रणातून येतो. एखादी शाई केसभर सरकली की बारीक अक्षराला रंगीत सावली पडते. म्हणून छपाईवाल्याला स्पष्ट सांगा, “बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत घ्या.” साडेतीन बाय दोन इंचांच्या कार्डावर नंबर किमान अकरा पॉइंटचा आणि इतर मजकूर नऊचा असावा.

पडद्याचा रंग प्रकाशाचा असतो, कागदाचा शाईचा. त्यामुळे छापल्यावर रंग थोडा मंद दिसतोच. म्हणून हजार कार्डे सांगण्याआधी एक नमुना कागदावर मागा आणि तो घरातल्या दिव्याखाली हातभर अंतरावर धरून पाहा.

शेवटी पाठीमागची बाजू. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याची चमक येते आणि बॉलपेनने लिहिताही येत नाही. आपांना तिथेच कपडे द्यायची तारीख आणि घेतलेली आगाऊ रक्कम लिहून देता येते. म्हणून मागची बाजू कोरी, पांढरी आणि बिनलॅमिनेशनची ठेवावी. कार्डाचे कार्ड आणि पावतीची पावती. तारीख लिहिलेले कार्ड गिऱ्हाईक निदान कपडे हाती येईपर्यंत तरी फेकत नाही.