बचत की सोनेखरेदी?

पैसे देण्याघेण्याच्या काही ॲपांत 'दैनंदिन बचत' अशा अर्थाची एक सोय असते. रोज दहा-वीस रुपये खात्यातून आपोआप वळते होतात. बचत म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे पोस्टाचे पुस्तक उभे राहते. टाकलेली रक्कम तरी घटणार नाही, हे त्यात गृहीतच असते. येथे मात्र त्या पैशांचे सोने घेतले जाते. १०० रुपये भरले की ३ टक्के वस्तू व सेवा कर जाऊन सुमारे ९७ रुपयांचेच सोने पदरी पडते. विक्रीचा दर खरेदीच्या दराहून कमी असल्याने दुसऱ्याच दिवशी मोडले, तर त्याहूनही कमी हाती येते. भाव चढल्यास लाभ होतो, हे खरे. परंतु तो सोन्याचा गुण, बचतीचा नव्हे. नोव्हेंबर २०२५ मध्ये 'सेबी'ने असे डिजिटल सोने आपल्या नियमनाच्या कक्षेबाहेर असल्याचा इशारा दिला. तो किती जणांनी वाचला असेल? बटणावरील नाव मात्र प्रत्येक जण वाचतो. म्हणून तेथे 'रोजची सोनेखरेदी' एवढेच लिहावे आणि 'बचत' हा शब्द आवर्ती ठेवीसाठी राखावा. अशा नावाने ग्राहक कदाचित घटतील; ॲपवाल्यांची खरी अडचण तीच आहे.