मावळ तालुक्यातील शासकीय कर्मचारी प्रशिक्षण

मावळ तालुक्यातील शासकीय कर्मचारी प्रशिक्षण या लेखात पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका व लोणावळा शहर येथे काम करणाऱ्या अधिकारी-कर्मचाऱ्यांचे सेवाप्रवेशानंतरचे पायाभूत प्रशिक्षण आणि सेवांतर्गत प्रशिक्षण यांचा आढावा घेतला आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यातील भुशी धरण परिसरात आणि १५ जून २०२५ रोजी इंद्रायणी नदीवरील कुंडमळा येथे झालेल्या दुर्घटनांनंतर या प्रशिक्षणाच्या रचनेचा प्रश्न महत्त्वाचा ठरला आहे.

प्रशिक्षणाची रचना

राज्यातील प्रशासकीय प्रशिक्षणाची शिखर संस्था पुण्यातील यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनी (यशदा) ही आहे. १९६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली ही संस्था १९८४ मध्ये पुण्यात आली व १९९० मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. २०११ च्या राज्य प्रशिक्षण धोरणानुसार सेवेत येताना आणि पदोन्नतीच्या वेळी प्रशिक्षण देणे अपेक्षित आहे.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत निवडल्या जाणाऱ्या राजपत्रित अधिकाऱ्यांसाठी एकत्रित परिवीक्षाधीन प्रशिक्षण कार्यक्रम राबवला जातो. त्यात महसूल, ग्रामविकास, नगरविकास अशा निरनिराळ्या विभागांचे नवे अधिकारी एकत्र शिकतात. त्यामुळे पुढे तहसीलदार, गटविकास अधिकारी किंवा नगरपरिषदेचा मुख्याधिकारी होणाऱ्यांना एकमेकांच्या कामाची तोंडओळख सुरुवातीलाच होते.

याखालच्या स्तरावर मात्र प्रशिक्षण विभागनिहाय होते. ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) महसूल विभागाच्या विभागीय परीक्षेची तयारी करतात. त्यांचा बराच वेळ सातबारा, फेरफार व वसुलीचे नियम शिकण्यात जातो. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी) ग्रामविकास विभागाकडून पंचायतीचे लेखे आणि विकास आराखडा शिकतात. पोलीस शिपाई व वनरक्षक यांची प्रशिक्षण केंद्रेही वेगळी असतात. एकाच गावात काम करणारे हे चौघे एका वर्गात क्वचितच बसतात.

दोन दुर्घटना

भुशी धरण रेल्वेच्या मालकीचे आहे. वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी ते एकोणिसाव्या शतकात बांधले गेले. त्याच्या पाणलोटातील धबधब्यात पाण्याचा जोर अचानक वाढल्याने ३० जून २०२४ रोजी पुण्यातील एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला. त्यात चार जणांचा मृत्यू झाला आणि पन्नासच्या आसपास जखमी झाले. हा पूल धोकादायक असल्याचे घटनेपूर्वीच माहीत होते.

दोन्ही दिवस पावसाळ्यातील रविवार होते. दोन्ही ठिकाणी एकाहून अधिक यंत्रणांची जबाबदारी होती. मावळात ही विभागणी विशेष गुंतागुंतीची आहे. तालुक्याचे महसूल मुख्यालय वडगाव मावळ येथे असून मावळ-मुळशीसाठी उपविभागीय अधिकारी आहे. लोणावळ्याची पोलीस व्यवस्था पुणे ग्रामीण पोलिसांकडे आहे. तळेगाव दाभाडे परिसर मात्र २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात मोडतो. त्यामुळे तालुका एक असूनही पोलिसांची आदेशशृंखला दोन ठिकाणी जाते.

प्रतिबंधात्मक आदेश : एक उदाहरण

भुशी दुर्घटनेच्या दुसऱ्याच दिवशी, १ जुलै २०२४ रोजी, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता देशभर लागू झाली. त्यामुळे पर्यटनस्थळांवर निर्बंध घालणारे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ ऐवजी नव्या संहितेच्या कलम १६३ खाली काढणे आवश्यक झाले. वर्षानुवर्षे तोंडात बसलेले कलम एका रात्रीत बदलले आणि पावसाळी गर्दीचा हंगाम आधीच सुरू झाला होता.

या आदेशाची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने पाहिली तर प्रशिक्षणाची गरज कोठे आहे ते कळते. आदेश लेखी असावा लागतो आणि तो काढण्यास कारणीभूत ठरलेली परिस्थिती त्यात नमूद करावी लागते. जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा खास अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी तो काढू शकतात. सर्वसाधारणपणे तो दोन महिन्यांहून अधिक काळ टिकत नाही. म्हणजे जूनच्या पहिल्या तारखेला काढलेला आदेश जुलैअखेर संपतो, तर मावळातील पाऊस त्यानंतरही चालू राहतो. ही तारीख कोणाच्या नोंदीत नसेल, तर ऑगस्टमध्ये लावलेल्या फलकामागे आदेशच उरत नाही.

पुढचा टप्पा कारवाईचा आहे. आदेशभंगाचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ मध्ये आहे. परंतु न्यायालयाला त्याची दखल घेण्यासाठी संबंधित लोकसेवकाची, त्याच्या वरिष्ठाची किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या अन्य लोकसेवकाची लेखी तक्रार लागते. ही अट नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१५ मध्ये आहे. पोलिसांनी पर्यटकांना अडवले, पण अशी तक्रार दाखल झाली नाही, तर खटला तांत्रिक कारणावर कोसळू शकतो. आदेशाची तारीख, हद्द दाखवणारा नकाशा, फलक लावल्याचा पंचनामा आणि ही तक्रार या चार गोष्टी चार वेगवेगळ्या टेबलांवर तयार होतात. म्हणून एका विभागाचे प्रशिक्षण कितीही चांगले झाले तरी साखळी पूर्ण होत नाही.

ऑनलाइन प्रशिक्षणाच्या मर्यादा

केंद्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये मिशन कर्मयोगीला मंजुरी दिली. त्याच्या आयगॉट मंचावरील अभ्यासक्रम राज्यांच्या कर्मचाऱ्यांनाही घेता येतात. ऑक्टोबर २०२४ मधील राष्ट्रीय अध्ययन सप्ताहात प्रत्येक कर्मचाऱ्याने किमान चार तास शिकावे असे उद्दिष्ट होते. वडगावातील लिपिकाला प्रशिक्षणासाठी कार्यालय सोडावे लागत नाही, हा या पद्धतीचा खरा लाभ आहे. कायद्यातील बदल एकाच वेळी सर्वांपर्यंत पोहोचवण्यासही ती उपयुक्त आहे.

परंतु अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र हे काम करता येत असल्याचा पुरावा नसते. कुंडमळ्यावर गर्दी वाढली तर पहिला दूरध्वनी कोणी कोणाला करायचा, पुलाच्या दोन्ही टोकांना कोणी उभे राहायचे, हे कोणत्याही सर्वसाधारण अभ्यासक्रमात येत नाही. ते त्या जागी उभे राहूनच शिकावे लागते.

स्थानिक साधने व उरलेला प्रश्न

अशा सरावासाठी लागणारे कौशल्य तालुक्यातच आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या तुकडीचे मुख्यालय मावळातील सुदुंबरे येथे आहे. लोणावळ्यातील शिवदुर्ग मित्र आणि मावळातील वन्यजीव रक्षक या स्वयंसेवी संस्थांना दऱ्या व पाण्यातील बचावाचा दीर्घ अनुभव आहे. तथापि दुर्घटनेनंतर मदतीला येणे आणि दुर्घटनेपूर्वी प्रशिक्षक म्हणून बोलावले जाणे यांत फरक आहे.

जागेवरच्या सरावाचा परिणाम तपासणे अवघड नाही. मे महिन्यात महसूल, पंचायत, पोलीस, वन, रेल्वे व नगरपरिषद यांच्या कनिष्ठ कर्मचाऱ्यांची एकत्र रंगीत तालीम झाली का, रविवारच्या कर्तव्याची यादी नावानिशी लागली का आणि आदेशाची मुदत संपण्यापूर्वी नवा आदेश निघाला का, ही माहिती कार्यालयीन नोंदींतून मिळू शकते. यात बदल्यांची मोठी अडचण आहे. शासकीय बदल्या प्रामुख्याने एप्रिल-मेमध्ये होतात. त्यामुळे एका पावसाळ्यात मावळ शिकलेला कर्मचारी पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर अन्यत्र जाऊ शकतो. त्याचे ज्ञान व्यक्तीबरोबर न जाता दप्तरात राहावे यासाठी प्रत्येक धोकादायक स्थळाची लेखी हस्तांतरण टिपणी हा प्रशिक्षणाचाच भाग असावा लागतो.