कानाला सापडणारी उसनवारी

परभणीच्या कृषी विद्यापीठात प्रबंध जमा करायचे दिवस आले, की झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानांत पोरं एकमेकांना एकच गोष्ट विचारतात: "किती टक्के आले?" म्हणजे मजकूर तपासणाऱ्या सॉफ्टवेअरनं दुसऱ्यांच्या लेखनाशी किती साम्य दाखवलं. या टक्क्यांना वचक आला तो विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमावलीमुळे. तिच्यानुसार साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. दहा ते चाळीस असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून आणा, चाळीस ते साठ असेल तर वर्षभर प्रबंध देता येणार नाही, आणि त्याहून जास्त असेल तर नोंदणीच रद्द. साहजिकच सगळी धडपड आकडा दहाच्या आत आणण्यासाठी चालते. आकडा जास्त आला, की रात्रभर शब्दांच्या जागी शब्द बसवायचे आणि सकाळी पुन्हा तपासायला द्यायचं.

जाणूनबुजून उतरवणाऱ्यांबद्दल मला फारसं सांगायचं नाही. त्यांना आपण काय करतो ते ठाऊक असतं. मला रस आहे तो प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याच्या मजकुरात नकळत आलेल्या वाक्यांत. ती बहुतेक वेळा पुस्तकातून थेट येत नाहीत, आपल्याच वहीतून येतात.

जूनमध्ये वाचताना वहीत चार ओळी टिपून घेतलेल्या असतात. त्यातल्या दोन शब्दशः पुस्तकातल्या, एक आपल्या शब्दांत मांडलेली आणि एक आपल्याच डोक्यातली. त्या वेळी सगळं लख्ख आठवत असतं, म्हणून अवतरणचिन्हं कुणी घालत नाही. फेब्रुवारीत लिहायला बसल्यावर चारही ओळी एकाच अक्षरात, एकाच शाईत समोर येतात आणि चारही आपल्याच वाटतात. अमेरिकेतल्या नामवंत इतिहासकार डॉरिस कर्न्स गुडविन यांचं असंच झालं. केनेडी घराण्यावरच्या त्यांच्या 1987च्या पुस्तकात दुसऱ्या लेखिकेची वाक्यं जवळपास जशीच्या तशी आल्याचं 2002 मध्ये जाहीर झालं. तेव्हा हातानं काढलेल्या टिपणांत उतारा कुठे आणि आपलं कुठे हे वेगळं राहिलं नाही, असा खुलासा त्यांनी केला. खुलासा पटो न पटो, गफलत कुठे होते हे त्यातून नेमकं कळतं.

आपल्याकडे गंगाखेडच्या जनाबाईंच्या अभंगात शेवटी 'जनी' येते, नामदेवांच्या अभंगात 'नामा'. अशी मुद्रा असूनसुद्धा पुढच्या काळातल्या विष्णुदास नाम्याचे अभंग नामदेवांच्या गाथेत मिसळलेच. मग मुद्राच नसलेल्या टिपणांची काय कथा? म्हणून पहिलं काम वहीतच करायचं. पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं घेतलं तर अवतरणचिन्हं आणि पान क्रमांक, आपल्या शब्दांत मांडलं तर समासात एक खूण, स्वतःचा विचार असेल तर वेगळी खूण. पण ज्यांनी हे केलेलं नाही, म्हणजे बहुतेकांनी, त्यांच्यासाठी मोठ्यानं वाचण्याची रीत आहे.

जुन्या छापखान्यांत मुद्रितशोधकाजवळ कॉपी होल्डर बसायचा. तो मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचा आणि मुद्रितशोधकाची नजर प्रुफावर असायची. ऐकलेलं आणि पाहिलेलं कुठे फुटतं, हे त्यांना पकडायचं असे. आपल्याला नेमकं उलटं पकडायचं असतं: ऐकलेलं आणि टिपलेलं कुठे जुळतं ते.

त्यासाठी मसुदा कागदावर छापून घ्यावा आणि लिहून झाल्यावर निदान एक रात्र मधे जाऊ द्यावी. एका बाजूला मसुदा ठेवावा, दुसऱ्या बाजूला त्या परिच्छेदाला लागणारी टिपणं उघडून ठेवावीत. पूर्ण प्रकरण एका दमात वाचायचं नाही. मसुद्यातला एक परिच्छेद मोठ्यानं वाचायचा आणि लगेच त्याचं टिपण, तेही मोठ्यानंच. सोबत कुणी असेल तर टिपणं त्याच्या हाती द्यावीत आणि पेन्सिलही. सोबत्याला विषय कळायची गरज नाही, न कळणाराच बरा. विषय कळणारा अर्थाच्या मागे जातो, न कळणारा शब्दांचा नाद धरून बसतो. होस्टेलवरची रूममेट चालते, घरातली आत्याबाईही चालते.

मनातल्या मनात वाचून हे का साधत नाही? कारण ओळखीच्या मजकुरावरून डोळा घसरत जातो. आवाजाला मात्र प्रत्येक शब्दावर पाय ठेवावा लागतो. शिवाय उसनं वाक्य वाचताना आपला सूर बदलतो. इतका वेळ अडखळत, आपल्या वळणानं चाललेलं वाचन मधेच बातम्या दिल्यासारखं गुळगुळीत होतं. तिथे थांबून पेन्सिलीची रेघ मारावी. ते वाक्य कदाचित आपलं असेलही, पण त्याची चौकशी व्हायला हवी.

आता एक नमुना. वाक्यं मी समजावण्यासाठी रचली आहेत, माहिती मात्र सोयाबीन पेरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असलेली. समजा वहीत असं आहे: "75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर, जमिनीत पुरेशी ओल असताना, वाफसा येताच सोयाबीनची पेरणी करावी, बियाणे तीन ते चार सेंटिमीटरपेक्षा खोल पडू देऊ नये, अन्यथा उगवण घटते." आणि मसुद्यात: "75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडल्यानंतर जमिनीत चांगली ओल असेल व वाफसा आला, की सोयाबीन पेरावे, बी तीन ते चार सेंटिमीटरपेक्षा खोल गेल्यास उगवण कमी होते."

सलग जुळणारे शब्द मोजा. "75 ते 100 मिलिमीटर पाऊस" हे पाच, आणि "तीन ते चार सेंटिमीटरपेक्षा खोल" हे पाच. आयोगाच्या नियमावलीत योगायोगानं जुळणाऱ्या सलग चौदा शब्दांपर्यंत सूट आहे, तेव्हा यंत्राकडून याला बहुधा धक्का लागणार नाही. पण दोन्ही वाक्यं पाठोपाठ मोठ्यानं म्हणून पाहा. पाऊस, ओल, वाफसा, पेरणी, मग स्वल्पविराम, मग खोली, मग उगवण. सांगण्याचा क्रम तोच, थांबण्याची जागाही तीच. 'पुरेशी'ची 'चांगली' झाली, 'घटते'चं 'कमी होते' झालं, बाकी सांगाडा तसाच राहिला. हे कान चटकन ओळखतो.

माझ्या ओळखीतली एक मुलगी अशाच वाक्यापाशी म्हणाली होती, "काका, पण आकडे तं बदलता येत नाहीत ना?" नाहीच येत, आणि बदलायचेही नाहीत. आकडा कुणाच्या मालकीचा नसतो, तो कुठून घेतला एवढं नोंदवायचं. वाक्य मात्र मोडायचं, आणि ते वही मिटून मोडायचं. वही उघडी ठेवून फक्त शब्दांची अदलाबदल होते. मी तिला विचारलं, बी खोल गेलं तर उगवण का घटते, ते तोंडी सांग. ती सांगू लागली. सोयाबीनचा कोंब आपली दोन्ही बीजदलं डोक्यावर घेऊन वर येतो, म्हणून त्याला जमीन फोडायला जोर लागतो. पेरणीनंतर लगेच जोराचा पाऊस झाला, की आपल्या काळ्या रानात वर पापुद्रा धरतो आणि खोल पडलेल्या कोंबाची मान तिथेच मोडते. हे तिनं स्वतःच्या प्लॉटवर पाहिलेलं होतं. तेच लिही म्हटलं. आता परिच्छेद बीजदलांपासून सुरू झाला, पापुद्र्यावर आला आणि तीन ते चार सेंटिमीटरचा आकडा संदर्भासह शेवटी बसला. टिपणाशेजारी ठेवून पुन्हा वाचला तेव्हा आकड्याखेरीज काही जुळलं नाही.

इंग्रजीत लिहिलेल्या प्रबंधांत एक जागा हमखास अडते. 'साहित्य व पद्धती' या प्रकरणात प्रयोगाचं ठिकाण सांगावं लागतं: परभणी समुद्रसपाटीपासून 409 मीटर उंचीवर, 19 अंश 16 मिनिटे उत्तर अक्षांश, 76 अंश 47 मिनिटे पूर्व रेखांश. हे वाक्य वर्षानुवर्षं एका प्रबंधातून दुसऱ्यात जवळपास जसंच्या तसं चालत आलं आहे. पुढे जमीन मध्यम काळी, शेत सपाट, निचरा चांगला. जुने प्रबंध 'कृषिकोश'वर आणि 'शोधगंगे'वर असल्यामुळे यंत्र या परिच्छेदाला लाल करतं आणि विद्यार्थी घाबरतो. अक्षांशाबद्दल घाबरायचं कारण नाही. पण "शेत सपाट, निचरा चांगला" हे मोठ्यानं वाचताना स्वतःला विचारावं, आपलं शेत खरंच तसं होतं का? माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. सिनिअरच्या प्रबंधातून वाक्यासोबत त्याच्या शेताचा निचराही आपल्या प्रयोगात येतो. आपल्या प्लॉटच्या खालच्या कोपऱ्यात पाणी साचत असेल, आधीच्या हंगामात तिथे तूर असेल, तर ते लिहावं. तसं वाक्य दुसऱ्या कुणाच्या प्रबंधात सापडायचंच नाही.

या रीतीच्या मर्यादाही आहेत. टिपणच शब्दशः उतरवलेलं असेल आणि त्यावर खूण नसेल, तर मसुदा टिपणाशी जुळला म्हणून 'आपलंच तर आहे' असं समाधान करून घेता येतं. म्हणून जुळणी सापडली, की वहीवर थांबायचं नाही, मूळ पान उघडायचं. मोबाइलवर काढून ठेवलेले पानांचे फोटोही टिपणंच समजायचे, ते बाजूला राहिले तर निम्मी तपासणी राहिली. कधीतरी वाचलेलं आणि कुठेच न टिपलेलं वाक्य डोक्यातून वर आलं, तर या पद्धतीत ते सापडत नाही. तिथे यंत्र बरं. उलट इंग्रजी लेखाचा परिच्छेदच्या परिच्छेद मराठीत आणला, तर शब्द जुळवणारं यंत्र सहसा गप्प राहतं. शेतीविषयक मराठी लेखनात हे फार होतं. इंग्रजी टिपण आणि मराठी मसुदा आळीपाळीनं मोठ्यानं वाचला, की सांगण्याचा क्रम उघडा पडतो, आणि मराठी वाक्य इंग्रजीच्या मापानं बेतलेलं असेल तर तेही कळतं.

हे सगळं प्रकरण गाईडकडे जाण्याआधी करावं. गाईडच्या दुरुस्त्या एकदा मिसळल्या, की कुठलं वाक्य कुणाचं हे आणखी अवघड होतं. आणि एका बैठकीत अर्ध्या तासापेक्षा जास्त वाचू नये, कारण त्यानंतर आपण ऐकायचं सोडून नुसतं म्हणत सुटतो. 'संदर्भ साहित्याचा आढावा' हे प्रकरण तर दिवसाला दोन-तीन पानंच घ्यावं, कारण त्यात ओळीओळीला दुसऱ्याचं बोलणं असतं आणि वहीची पानं सतत उलटावी लागतात.