घना-राधाचं नेमकं जमलं कधी?

पेणहून रोह्याची गाडी पकडलीत की कासू-नागोठणं येईपर्यंत एखादं तरी भांडण फुकटात ऐकायला मिळतं. परवाचं मस्त होतं. कॉलेजच्या दोन मुली ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’चे जुने भाग बघून आल्या होत्या. वादाचा मुद्दा एकच : घना-राधाचं नेमकं जमलं कधी? एक म्हणे, लग्नाच्या दिवशी. दुसरी म्हणे, छे गं, लग्न तर नाटक होतं!

मालिका २०१२ची, सतीश राजवाडेंची. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा प्राथमिक शाळेत असाल. त्याला अमेरिकेला जायचंय, तिलाही लग्नात रस नाही, पण घरच्यांचा धोशा. मग दोघं आपसात ठरवतात : आत्ता लग्न करू, पुढे वेगळे होऊ. एरवी मालिकेत ‘जमणार की नाही’ हे ताणून ताणून शेवटी लग्न लावतात. इथे लग्न आधी आणि जमणं नंतर. त्यामुळे लग्नाची तारीख पक्की, प्रेमाची मात्र सापडत नाही. त्यातही स्वप्नील जोशीचा घना आणि मुक्ता बर्वेची राधा एकाच दिवशी प्रेमात पडत नाहीत. एकाला कळतं तेव्हा दुसऱ्याला सांगायची हिंमत नसते. मग तारीख कोणाची धरायची?

आमचं मत विचाराल तर, ज्या दिवशी दोघांपैकी एक बोलला आणि दुसऱ्याने ‘हो’ म्हटलं, तो दिवस. त्याआधीचं सगळं खरं असेल, पण ते ज्याचं त्याचं. ‘मी फर्स्ट इयरपासून तिच्यावर प्रेम करतोय’ म्हणणाऱ्याचं प्रेम तेव्हाचं असेल, नातं तेव्हाचं नाही. त्या तीन वर्षांचा हिशेब तिच्याकडे मागता येत नाही.

कायदा याबाबतीत भलताच नेमका आहे. हिंदू विवाह कायद्यानुसार, जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण. मनात करार काय होता, हे सातवं पाऊल विचारत नाही. म्हणजे नाटक-नाटक म्हणत घना-राधा खरोखरचे नवरा-बायको झाले होते, आणि सुटणंही त्यांना वाटलं तितकं सोपं नव्हतं. परस्परसंमतीने घटस्फोटाचा अर्ज करायचा तर आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर साधारणपणे सहा महिने थांबायचं (न्यायालय ही मुदत माफ करू शकतं), मग हुकूमनामा. त्या तारखेला लग्न संपतं, सह्या केल्या त्या दिवशी नाही. मालिका जानेवारीत सुरू झाली आणि त्याच ऑक्टोबरात संपली. टीव्हीच्या तारखा धरल्या तर शेवटच्या भागापर्यंत त्यांना साधा अर्जही करता आला नसता!

आणखी एक गंमत. ‘वेगळं राहणं’ म्हणजे वेगळं घरच हवं असं नाही. नवरा-बायको म्हणून न राहता एका छपराखाली असलात तरी चालतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये सांगितलंय. पण मग अर्जात लिहायचं काय? कधीपासून वेगळे? राधा एक तारीख सांगेल, घना दुसरी. पुन्हा आपलं तेच.

संपण्याच्या तारखेचं सगळ्यात गाजलेलं भांडण अर्थात ‘फ्रेंड्स’मधलं. रेचल म्हणते, आपण ब्रेक घेऊ. रॉस निघून जातो आणि त्याच रात्री दुसरीसोबत झोपतो. सकाळी रेचलला परत यायचं असतं. तो म्हणतो, आपण ब्रेकवर होतो. ही फेब्रुवारी १९९७ची गोष्ट, आणि मालिका २००४मध्ये संपेपर्यंत त्याचं हेच पालुपद. शब्द दोघांचा एकच, पण तिच्या लेखी तो थांबा होता आणि त्याच्या लेखी शेवटचं स्टेशन. ‘किती दिवसांचा ब्रेक? तोवर आपण एकमेकांचे कोण?’ हे दोन प्रश्न त्या दारात कोणीच विचारले नाहीत. आम्हाला विचाराल तर रॉस चुकलाच. नातं एकट्यालाही संपवता येतं, पण ‘संपलं’ असं समोरच्याच्या कानावर घालावं लागतं. तसं कोणीच बोललेलं नव्हतं. तुमच्या ग्रुपमध्ये ‘त्याने चीट केलं’, ‘नाही, तेव्हा ब्रेकअप झालं होतं’ असे दोन तट पडले असतील, तर आधी एवढंच विचारा : ब्रेकअप झालंय हे तिला कोणी आणि कधी सांगितलं?

तेवढ्यात निडी गेलं. रोह्याला त्या दोघी उतरल्या. पहिलीने माघार घेतली होती, पण अर्धीच. “बरं, लग्नाच्या दिवशी नाही,” ती म्हणाली, “पण घटस्फोटाचा विषय निघाल्यावर तिचा चेहरा बघ ना!” दुसरी म्हणाली, “चेहरा नको सांगूस. ती बोलली कुठल्या भागात, ते सांग.”